सुटलेले उदाहरण पुन्हा सोडवा



मी अकरावीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. मागे एका चाचणीत मी एक अगदी नेहमीचे उदाहरण घातले होते. ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या २०० ग्रॅम पाण्यात उणे १० अंश तापमानाचा १५० ग्रॅम बर्फ टाकला, तर मिश्रणाचे अंतिम तापमान किती होईल? असेच उदाहरण आदल्या आठवड्यात मी फळ्यावर सोडवून दाखवले होते, आणि बाजारातल्या कोणत्याही गाईडात ते सोडवलेले सापडते. फरक एवढाच होता, की फळ्यावर बर्फ ५० ग्रॅम होता आणि चाचणीत मी तो १५० ग्रॅम केला.

पेपर तपासायला बसलो तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर एकच आलेले दिसले : उणे १३.६ अंश. काहींनी तर उत्तराखाली दोन रेघा मारून ते चौकटीत बसवले होते. आता पाहा, पाणी होते ४० अंशांवर, बर्फ होता उणे १० अंशांवर, आणि दोन्ही एकत्र केल्यावर मिश्रण मूळ बर्फापेक्षाही थंड! अंघोळीच्या बादलीत कढत पाणी आणि नळाचे पाणी मिसळले आणि बादलीतले पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही गार झाले, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याच्याकडे कसे पाहाल?

त्यांपैकी एका मुलाला मी बोलावून विचारले. मुलगा हुशार आणि प्रामाणिक. तो म्हणाला, "सर, उत्तर विचित्र आलंय हे मला दिसलं होतं. पण पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, म्हणून तसंच ठेवलं."

त्याचे हे वाक्य मला फार लागले. पायऱ्या त्याला फळ्यावरच्या क्रमाने, एकही न चुकता येत होत्या. पायरी खोटे बोलू शकते, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणजे मीच सांगितले नव्हते.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला, की सगळा राग गाईडांवर निघतो. तयार उत्तरे मुलांना बिघडवतात, ती बंदच केली पाहिजेत, असे अनेकांचे मत आहे. मला ते पटत नाही. सोडवून दाखवलेले उदाहरण ही वाईट वस्तू नव्हे. सगळी उदाहरणे स्वतःच्या डोक्याने पहिल्यापासून सोडवत बसलो असतो, तर आमच्यापैकी एकही जण एम.एस्सी.पर्यंत पोचला नसता. दोष असलाच तर आपण ते उदाहरण वाचतो त्या पद्धतीत आहे. वाचताना एकेक ओळ बरोबर वाटते, मान डोलते, शेवटी उत्तर जुळते आणि आपण पान उलटतो. बरोबर वाटणे आणि समजणे यांत किती अंतर आहे, हे पुस्तक उघडे असेपर्यंत कळत नाही. म्हणून ते मिटायचे.

आपण फळ्यावरचेच, म्हणजे ५० ग्रॅम बर्फाचे उदाहरण घेऊ. त्याचे तयार उत्तर असे असते. बर्फाचा विशिष्ट उष्मा ०.५, पाण्याचा १ आणि बर्फाच्या वितळणाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी असे दिलेले आहे. अंतिम तापमान क्ष मानू.

बर्फ ० अंशापर्यंत तापण्यासाठी : ५० × ०.५ × १० = २५० कॅलरी
बर्फ वितळण्यासाठी : ५० × ८० = ४००० कॅलरी
झालेले पाणी क्ष अंशापर्यंत तापण्यासाठी : ५० × क्ष
गरम पाण्याने दिलेला उष्मा : २०० × (४० − क्ष)
म्हणून २५० + ४००० + ५० क्ष = ८००० − २०० क्ष
म्हणून २५० क्ष = ३७५०, क्ष = १५ अंश

सहाच ओळी आहेत. त्या नीट वाचा, आणि मग पुस्तक मिटून दप्तरात ठेवा. लगेच लिहायला बसू नका. नुकतेच वाचलेले डोळ्यांपुढे असते आणि आपण ते नुसते उतरवून काढतो. मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला उत्तर आठवून लिहा. उजव्या बाजूला प्रत्येक ओळीसमोर ती ओळ का आली हे साध्या मराठी वाक्यात लिहा. उजव्या बाजूला 'सूत्रात किंमत टाकून' हे शब्द लिहायला बंदी. ते कारण नव्हे, ती कृती झाली.

अडलात, तर पुस्तक एकदम उघडू नका. जिथे अडलात तिथे पेन्सिलीने फुली करा आणि पाचेक मिनिटे त्या फुलीशीच झगडा. तरी सुटले नाही, तर पुस्तकातल्या उत्तरावर एक पोस्टकार्ड आडवे ठेवून ते फक्त एक ओळ खाली सरकवा, ती ओळ पाहा, पुन्हा झाका आणि पुढे चला. बघून घेतलेली ओळ वेगळ्या शाईने लिहा. म्हणजे तुमची ओळ कोणती आणि उसनी कोणती हे आठ दिवसांनीही दिसेल.

आता उजव्या बाजूला काय येते ते पाहू. खरी गंमत तिथेच आहे.

पहिल्या ओळीत ०.५ का, आणि तिसऱ्या ओळीत तोच पदार्थ असून १ का? बर्फ आणि पाणी एकाच द्रव्याची रूपे असली, तरी एक ग्रॅम बर्फ एक अंशाने तापायला एक ग्रॅम पाण्याच्या साधारण निम्माच उष्मा लागतो. तिसऱ्या ओळीत बर्फ उरलेलाच नाही, म्हणून तिथे १. मग तिथे ५० का राहिले? कारण वितळल्याने वजन बदलत नाही. हे ज्याला सांगता येत नाही, तो परीक्षेच्या घाईत तिसऱ्या ओळीतही ०.५ लिहून मोकळा होतो.

दुसऱ्या ओळीत तापमानाचा फरक कुठेच नाही. बहुतेकांची फुली इथे पडते. उष्मा म्हटला की वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार, ही सवय हाताला लागलेली असते आणि इथे फरकच दिसत नाही. म्हणून काही जण आठवून लिहिताना ही ओळ चक्क विसरतात. त्यांचे उत्तर काय येते पाहा : २५० + ५० क्ष = ८००० − २०० क्ष, म्हणजे क्ष = ३१ अंश. हे उत्तर विचित्र दिसत नाही. ४० अंशांच्या पाण्यात बर्फ टाकला आणि ते ३१ झाले, यात खटकण्यासारखे काय आहे? म्हणजे 'उत्तर शक्य वाटते का' एवढी कसोटी इथे पुरत नाही. ओळीचे कारण माहीत असेल, तरच ती विसरल्याचे लक्षात येते.

ते कारण शोधण्यासाठी जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७६० च्या सुमारास ग्लासगोमध्ये केलेला एक साधा प्रयोग ऐका. त्याने दोन सारख्या काचेच्या भांड्यांत सारख्याच वजनाचे पाणी घेतले. एकातले पाणी गोठवून बर्फ केले, दुसऱ्यातले गोठण्याच्या बेताला आणले आणि दोन्ही भांडी एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. दालनातल्या उबेने अर्ध्या तासात पाण्याचे तापमान ७ अंश फॅरनहाइटने वाढून ४० अंश झाले. बर्फाला वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. दालनाकडून दोघांना सारख्याच वेगाने उष्मा मिळत असेल, तर बर्फाने २१ × ७ म्हणजे १४७ अंश तापमानवाढीइतका उष्मा घेतला. त्यातले ८ अंश तापमापकावर ३२ पासून ४० पर्यंत दिसले. उरलेले १३९ अंश कुठे गेले? ते वितळण्यात गेले आणि तापमापकाला त्याची दादही लागली नाही. म्हणून त्या उष्म्याला 'अप्रकट' हे नाव. १३९ फॅरनहाइट अंश म्हणजे ७७ सेल्सिअस अंश. तुमच्या पुस्तकातल्या ८० च्या किती जवळ! तेव्हा दुसऱ्या ओळीसमोर लिहायचे ते असे : 'इथे तापमान बदलतच नाही, तरी उष्मा लागतो, बर्फाची घडण मोडण्यात तो खर्च होतो.'

एवढे लिहून झाले की पहिल्या दोन ओळींतले आकडे शेजारी ठेवून बघा. बर्फ दहा अंश तापायला २५० कॅलरी, आणि नुसता वितळायला ४०००. सोळा पट! सरबत बर्फाने गार होते ते बर्फ थंड असतो म्हणून फारसे नाही. तो वितळतो म्हणून. उत्तर वाचताना हे आकडे तुमच्या नजरेखालून गेलेच होते, पण ते असे शेजारी बसले नव्हते.

चौथ्या ओळीत ४० − क्ष का, क्ष − ४० का नाही? पाण्याने किती 'दिला' हे आपण मोजतो आहोत, आणि पाणी निवते, म्हणून मोठ्यातून लहान वजा करायचे. पाचव्या ओळीत दिलेला आणि घेतलेला उष्मा सारखा मानला आहे. हे भांड्याने आणि हवेने काही दिले-घेतले नाही असे धरले तरच खरे. प्रयोगशाळेत १०० ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या कॅलरीमापीत हाच प्रयोग केला, तर भांडेही पाण्याबरोबर ४० अंशांवरून निवते. तांब्याचा विशिष्ट उष्मा ०.०९ च्या आसपास असल्यामुळे ते भांडे जणू ९ ग्रॅम जादा गरम पाणीच होते, आणि उत्तर १५ ऐवजी जवळजवळ १६ येते. तुमचा तापमापक १६ दाखवू लागला, तर लगेच तापमापकाला दोष देऊ नका.

आता तिसऱ्या ओळीकडे परत जाऊ. मी तिच्यावरून जरा घाईने पुढे आलो, आणि तेही मुद्दाम. 'झालेले पाणी क्ष अंशापर्यंत तापण्यासाठी.' सगळा बर्फ वितळून पाणी झाले, हे कोणी सांगितले? उदाहरणात ते दिलेले नाही. उत्तर लिहिणाऱ्याने ते मनातल्या मनात धरले आणि कागदावर लिहिले नाही. माझ्या वर्गातली मुले पडली ती या न लिहिलेल्या ओळीत.

ती ओळ आता आपण लिहू. २०० ग्रॅम पाणी ४० वरून ० अंशावर आले, तर ते फार तर ८००० कॅलरी देऊ शकते. ५० ग्रॅम बर्फाला ० अंशावर यायला आणि पूर्ण वितळायला २५० + ४००० म्हणजे ४२५० कॅलरी लागतात. ८००० पुरेसे आहेत. म्हणून सगळा बर्फ वितळतो, वर ३७५० कॅलरी उरतात, आणि त्या आता एकूण २५० ग्रॅम पाण्यात वाटल्या जाऊन त्याचे तापमान १५ अंशांनी वाढवतात. शेवटच्या ओळीतला '२५० क्ष = ३७५०' हा नुसता बीजगणिताचा तुकडा नव्हता. तो ही सगळी हकीकत सांगत होता.

तेच चाचणीतल्या १५० ग्रॅमांना लावा. ० अंशावर यायला ७५० कॅलरी, वितळायला १२०००, मिळून १२७५० हव्यात, आणि पाण्याजवळ आहेत ८०००. पुरत नाहीत! तेव्हा तिसरी ओळ लिहिण्याचा आपल्याला हक्कच नाही. ती तरीही लिहिली म्हणून गणिताने उणे १३.६ असे उत्तर देऊन, तुमचे गृहीत चुकले, हे आपल्या परीने ओरडून सांगितले. खरे काय घडते? ८००० मधल्या ७५० बर्फाला ० अंशावर आणण्यात जातात. उरलेल्या ७२५० कॅलरींनी ७२५० ÷ ८० म्हणजे सुमारे ९०.६ ग्रॅम बर्फ वितळतो. बाकीचा ५९.४ ग्रॅम बर्फ तसाच तरंगत राहतो आणि सगळ्यांचे तापमान ० अंश.

मग फळ्यावरचे उत्तर कुठपर्यंत चालेल? बर्फाच्या दर ग्रॅमला ५ आणि ८० मिळून ८५ कॅलरी लागतात. ८००० ला ८५ ने भागले की ९४ ग्रॅम आणि थोडे अधिक. तेवढ्या बर्फापर्यंत त्या सहा ओळी खऱ्या, त्यापुढे खोट्या. कोणत्याही गाईडात ही ९४ ग्रॅमांची वेस आखलेली मी तरी पाहिलेली नाही.

हे केवळ माझे वर्गातले मत नाही. अमेरिकेत मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना यामिकीतली सोडवलेली उदाहरणे वाचायला दिली आणि वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. पुढे स्वतःहून उदाहरणे चांगली सोडवणारे विद्यार्थी वाचताना ओळीओळीला स्वतःलाच कारणे सांगत होते, आणि 'हे मला कळले नाही' असेही वारंवार म्हणत होते. ज्यांना पुढे उदाहरणे नीट सोडवता आली नाहीत, त्यांना वाचताना मात्र बहुतेक सगळे कळल्यासारखे वाटत होते. हा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुमच्या कागदावर एकही फुली नसेल, तर खूश होण्याआधी उजवी बाजू पुन्हा वाचा.

तुमच्यातले काही जण आता म्हणतील, की सर, परीक्षा दोन महिन्यांवर आली, उदाहरणे शेकड्यांनी पडली आहेत, एकेकाला दोन दिवस कुठून आणायचे? आक्षेप रास्त आहे. सगळ्यांना हा उपचार करायचा नाहीच. एका धड्यात पंचवीस उदाहरणे असली, तरी ती जातीने दोन-तीनच असतात. प्रत्येक जातीचे एक घ्या. बाकीची नेहमीसारखी सोडवा. ती किती भराभर सुटतात हे तुम्हीच पाहाल.

दुसरी एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. माझ्या लहानपणी चुकलेले उदाहरण दहा वेळा लिहून आणायची शिक्षा असे, आणि मीही वह्याच्या वह्या भरल्या आहेत. मी सांगतो ते हे नव्हे. पुस्तक समोर ठेवून दहा वेळा लिहिले, तर हात दुखतो आणि अक्षर तेवढे सुधारते. डोके त्या वेळी खिडकीबाहेर असते. पाठ करण्याचेही तसेच. मी स्वतः बी.एस्सी.ला कित्येक उत्तरे पाठ करून गुण मिळवले. मग तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्याच एका ओळीवर बोट ठेवून "हे कुठून आलं?" असे विचारले, तेव्हा मी "सर, ते तसंच असतं" असे उत्तर दिले होते. परीक्षक सभ्य होते. ते फक्त हसले.

कधी कधी एखाद्या ओळीचे कारण तुमच्या इयत्तेच्या आवाक्याबाहेर असते. बर्फाची घडण मोडायला ग्रॅमला ८० च कॅलरी का, ६० का नाहीत? ब्लॅकने ते मोजले, पण का ते त्यालाही सांगता आले नसते. त्यासाठी पाण्याच्या रेणूंमधल्या बंधांची माहिती लागते आणि ती पुढच्या वर्गांत येईल. अशा जागी उजवीकडे 'हे मोजून आलेले आहे, कारण अजून माहीत नाही' असे सरळ लिहावे. कारण माहीत नसलेली ओळ आणि कारण शोधलेच नाही अशी ओळ, या दोन वेगळ्या आहेत.

त्या प्रामाणिक मुलाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्याला मी हा कागदाचा प्रकार करायला सांगितला. चार दिवसांनी तो दुपारच्या सुटीत आला आणि म्हणाला, "सर, दीडशे ग्रॅमचं झालं. पण बर्फ दोन किलो टाकला तर?" मी म्हटले, "काय होणार, थोडा वितळेल, बाकीचा राहील. तापमान शून्य." तो म्हणाला, "नाही सर, वितळणार नाही. बघा ना." मला खरोखरच कागद पुढे ओढावा लागला. २००० ग्रॅम बर्फ उणे १० वरून ० अंशावर यायलाच १०,००० कॅलरी हव्यात. पाणी ० अंशावर येईपर्यंत देते फक्त ८०००. उरलेल्या २००० कॅलरी पाण्याने स्वतः गोठूनच द्यायच्या, म्हणजे २००० ÷ ८० = २५ ग्रॅम पाण्याचा बर्फ होणार. शेवटी भांड्यात २०२५ ग्रॅम बर्फ आणि १७५ ग्रॅम पाणी. त्याच्या कागदावर उजव्या बाजूला हे सगळे आधीच लिहिलेले होते.